एकतीस पांढऱ्या साड्या

लाँड्री टाकण्याआधी सात वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होते. त्यात एक धडा दरवर्षी यायचा : मीठ पाण्यात विरघळतं, मेण विरघळत नाही, मेणाला तेलासारखाच काहीतरी द्रव लागतो. हे मी फळ्यावर निदान चौदा वेळा लिहिलं असेल. म्हणजे पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

शिकवणं तासिका तत्त्वावर होतं. जितके तास, तितके पैसे, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. २००८ च्या उन्हाळ्यात मी कागद-पेन घेऊन बसले आणि गोंदियाला लागून असलेल्या आमच्या कुडव्यात लाँड्री चालेल असं सिद्ध केलं. नवीन घरं होत होती, नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी घरं वाढत होती, आणि कोट किंवा भारी साडी ड्रायक्लीन करायची तर कपडा नागपूरला पाठवावा लागे, तो आठ-दहा दिवसांनी परत येई. माझं गणित बरोबर होतं. माझी गणितं बहुतेक बरोबरच असतात. अडचण नेहमी गणिताच्या बाहेर असते.

बँकेने अडीच लाख दिले. पंधरा किलोचं पाण्याचं मशीन एक लाख पस्तीस हजारांना आलं. वाफेच्या इस्त्रीचं टेबल आणि छोटा बॉयलर बावन्न हजारांना. ड्रायक्लीनिंगचं नवं मशीन आठ लाखांच्या खाली मिळेना, म्हणून वर्षभर थांबून नागपुरातल्या एका बंद पडलेल्या लाँड्रीतून जुनं मशीन उचललं, एक लाख दहा हजारांना. त्यात बँकेचे उरलेले पैसे गेले, आणि माझ्या दोन बांगड्या. या मशीनमध्ये पाणी नसतं. रंगात मिसळतात तसलं, पण शुद्ध केलेलं टर्पेंटाइन असतं. त्यात कपडा घोळवला की तेल-तूप सुटतं, आणि कपडा आटत नाही, रंग सोडत नाही.

दर ठरवायला मला तीन दिवस लागले. साबण, वीज, पाणी, मजुरी, हप्ता, मशीनची झीज, सगळं एका शर्टावर वाटलं. उत्तर आलं सात रुपये छत्तीस पैसे. ते मी भैयालालना दाखवलं.

भैयालाल म्हणजे आमच्या चौकात तीस वर्षं इस्त्रीचा ठेला लावणारे गृहस्थ. मी त्यांना महिना पगारावर घेतलं होतं. ते लाँड्रीतले एकमेव अनुभवी माणूस होते, आणि त्यांनी तसं एकदाही बोलून दाखवलं नाही. त्यामुळे ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

"सात छत्तीस?" ते म्हणाले. "मॅडम, छत्तीस पैसे कोन देते? आठ लिवा ना."

"पण मग कशाच्या आधारावर आठ?"

"चौकात सगळ्यायचा आठच आहे ना."

मी आठ लिहिलं. पँट दहा, कोट ऐंशी, साडी ड्रायक्लीन चाळीस. पावतीच्या पाठीमागे, मोठ्या दुकानांच्या पावत्या पाहून, एक नियम छापून घेतला : कपडा हरवल्यास किंवा खराब झाल्यास धुलाईच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळेल. हा नियम मला फार आवडला होता. त्यात एक संख्या होती.

आमचा एकच वाद झाला, तो खुणेवरून. कोणाचा कपडा कोणता हे कळायला भैयालाल बिब्ब्याची खूण करत. जंगलातला बिब्बा सुईने टोचायचा, त्याच्या रसाचा बारीक ठिपका किंवा रेघ कॉलरच्या आत, साडीच्या कोपऱ्याला. ती काळी खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं होतं. मी त्यांना सांगितलं की बिब्ब्याच्या रसाने कातडीवर पुरळ उठतं, मानेला फोड येतात, आणि याच्यावर शोधनिबंध आहेत.

"मले त नाई उठला कधी," ते म्हणाले.

"सगळ्यांना उठत नाही. पण एकाला जरी उठलं तरी?"

त्यांनी बिब्ब्याची पुडी खिशात टाकली. मी बरोबर होते. आजही बरोबरच आहे, बिब्ब्याने पुरळ उठतं.

बिब्ब्याऐवजी मी सुती फितीचे तुकडे कापले, त्यावर नंबर घालून ते पिनेने कपड्याला लावायचे. नंबर कशाने लिहायचे? माझ्या पर्समध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेतली काचेवर लिहायची निळी पेन्सिल होती. चंचुपात्रावर नाव घालायला आम्ही तीच वापरायचो. पाण्यात पुसली जात नाही, साबणाने जात नाही. मी रीतसर चाचणी घेतली : कोमट पाणी, साबण, सोडा, तीन धुलाया. नंबर जसाच्या तसा. भैयालालना मी तो फितीचा तुकडा मोठ्या अभिमानाने दाखवला. वर्षभर ही पेन्सिल छान चालली. कारण वर्षभर फक्त पाण्याचंच मशीन होतं.

एप्रिल अखेरीस ते दुसरं मशीन बसलं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात अल्काताई आल्या. अल्काताई म्हणजे आमच्या बुद्धविहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. नवरा रेल्वेत, स्वतः अंगणवाडीत. त्यांनी स्कूटीवरून दोन मोठी गाठोडी आणली.

"दीप्ती, बुद्धपौर्णिमेच्या रॅलीच्या साड्या. एकतीस. परवा सकाळी सात वाजता निघायचं, म्हणजे उद्या चारपर्यंत दे. पस्तीस लाव एकीचे."

"चाळीस आहे, ताई."

"एकतीस आहेत म्हणून त म्हणतो. आणि ऐक, बाया साड्या देवाले तयार नव्हत्या. घरीच धुऊ म्हणे. मी म्हणलं, आपली पोरगी आहे, एमेस्सी आहे. माही इज्जत ठेवजो. नाई त पुन्हा कुडव्यातली बाई तुले रुमाल नाई देनार."

साड्या पांढऱ्याशुभ्र, निळ्या काठाच्या. मंडळाने दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातून, दोनशे नव्वदला एक अशा आणल्या होत्या. एकतीसच्या एकतीस सारख्या. अंगावर नेसली की प्रत्येक साडी वेगळी दिसते; या घडी करून ठेवल्या की एकाच कारखान्यातल्या विटांसारख्या दिसत.

मी घाबरले नाही. माझ्याकडे पद्धत होती. प्रत्येकीला नंबरची फीत लावली आणि नोंदवहीत नंबरापुढे नाव आणि डाग लिहिले. क्रमांक चार : पदराला हळद, दोन रुपयांच्या नाण्याएवढी. क्रमांक बारा : खिरीचा ओघळ. क्रमांक नऊ आणि बावीस : पेटीच्या खिळ्याचा गंज. काही डाग वर्षभराचे होते. मी पान भरून पाहिलं आणि मला वाटलं, असं काटेकोर काम गोंदियात कोणी केलं नसेल. हे बहुधा खरं असावं.

मग काठ तपासला. ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळला तर फडकं निळं झालं. म्हणजे पाण्यात टाकलं तर निळा रंग सगळ्या साडीवर पसरणार. तेव्हा टर्पेंटाइनच. त्याआधी सगळे डाग एकेक करून काढले. हळदीला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मेचं ऊन, गंजाला ऑक्झॅलिक आम्ल. हे आम्ल नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढायचं असतं, पण काठ रंग सोडत होता, म्हणून मी तेवढीच जागा ओल्या बोळ्याने टिपली. दोनदा. बावीस नंबरच्या वेळी वीज गेली होती, घाम डोळ्यांत जात होता, तेव्हा एकदाच टिपली असेल. नोंदवहीत मी 'दोनदा' लिहिलं आहे.

मेमध्ये आमच्याकडे दुपारी पंचेचाळीस अंश असतं आणि त्या तापमानाला टर्पेंटाइनची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून मशीन मी पहाटे पाचला सुरू केलं, पंखे चालू, दारं उघडी, बॉयलर बंद. दोन खेपांत एकतीस साड्या. पहिल्या खेपेनंतर मशीनच्या काचेच्या खिडकीतून पाहिलं तर द्रव किंचित निळसर झाला होता. काठाचा रंग सुटला की काय? परीक्षानळीत नमुना घेतला, साडीचा कोपरा पाहिला. कोपरा स्वच्छ पांढरा. मी वहीत लिहिलं : 'निळसर छटा. स्रोत अज्ञात. साड्यांवर परिणाम नाही.' आणि दुसरी खेप लावली.

स्रोत साडेसहाला कळला. साड्या वाळत घालताना भैयालाल म्हणाले, "मॅडम, ही कोनाची?"

"फीत बघा ना."

"फीत आहे. नंबर नाई."

मी दुसरी फीत पाहिली. तिसरी. एकतीस कोऱ्या, पांढऱ्या, स्वच्छ धुतलेल्या फिती एकतीस पिनांना टांगलेल्या होत्या. मेणाची पेन्सिल. टर्पेंटाइन. चौदा वर्गांसमोर फळ्यावर लिहिलेलं वाक्य. माझं 'स्रोत अज्ञात' त्या वहीच्या पानावर अजून ओलं होतं.

"बिब्बा लावला असता तर..." मी सुरुवात केली.

"तुम्हीच त नाई म्हनल्या," भैयालाल म्हणाले. चिडून नव्हे, विचारलं म्हणून सांगितलं.

"तुम्ही लपून नाही ना लावला कुठे?" मला त्या क्षणी त्यांनी माझं ऐकलेलं नसावं असं मनापासून वाटत होतं.

"लपून कायले लावू? तुम्ही मालकीन."

मग मला डाग आठवले. नोंदवहीत एकतीस नावं, एकतीस डाग! मी वही घेऊन धावले आणि चार नंबरची हळद शोधू लागले. हळद नव्हती. खिरीचा ओघळ नव्हता. तुपाचं बोट, तेलाचा शिंतोडा, लिपस्टिकची रेघ, काहीच नव्हतं. बायकांना ज्याने आपली साडी ओळखू आली असती ते सगळं मी आदला अख्खा दिवस खपून, शास्त्रशुद्ध पद्धतीने, नाहीसं केलं होतं.

तरी मी हार मानली नाही. शेजारच्या किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा होता. त्या प्रकाशात जुने डाग कधीकधी उमटतात. तो दिवा मागून आणला आणि अंधार हवा म्हणून चादर डोक्यावर घेऊन एकेका साडीसकट आत बसले. अकरा वाजताच भट्टी झालेली, वर जाड सोलापुरी चादर. बाहेरून भैयालालचा आवाज आला.

"मॅडम, आत काय दिसून रायला?"

"काही नाही."

"मंग बाहेर या ना, चक्कर येईल."

एकतीसही साड्या सारख्याच झगझगत होत्या. मी डाग इतके उत्तम काढले होते की मलाही सापडेनात.

बारा वाजता, टर्पेंटाइनचा वास उडाल्यावर, भैयालालनी इस्त्री सुरू केली. सव्वाला त्यांनी मला हाक मारली, आणि मला कळलं की या दिवसात अजून एका चुकीला जागा शिल्लक होती. एका साडीला, एका टोकाजवळ, इस्त्री फिरताच कापड विरलं होतं. चार आण्याएवढं भोक, कडा पिवळट. गंजाची जागा. न धुतलेलं आम्ल टर्पेंटाइनमध्ये जात नाही; ते कापडातच राहतं आणि उष्णता लागली की सूत खातं. भैयालाल इस्त्रीची तळी पुन्हा पुन्हा पाहत होते, जणू तिचा दोष असावा. मी म्हटलं, "इस्त्रीचं नाही. माझं आहे."

वही सांगत होती : गंज नऊ आणि बावीसला. नऊ अल्काताई. बावीस रुक्माबाई.

अल्काताई चिडल्या असत्या, पण समजून घेतलं असतं. रुक्माबाई रॅलीच्या पुढे पंचशील ध्वज घेऊन चालायच्या. चाळीस वर्षं बिड्या वळलेल्या बाई, सत्तरीच्या, आणि त्यांचं तोंड सगळ्या कुडव्याला ठाऊक. वहीप्रमाणे शक्यता निम्मी-निम्मी होती. मी देव मानत नाही, त्यामुळे संभाव्यतेच्या नियमालाच हात जोडले.

चारला अल्काताई आल्या, मागे नऊ-दहा बाया. रुक्माबाई सगळ्यांत शेवटी, छत्री टेकत. काउंटरवर एकतीस घड्या. मी पाणी दिलं आणि सरळ सांगितलं : नंबर पुसले गेले, माझ्या चुकीने, कोणती कोणाची ते मला माहीत नाही, आणि एकीला भोक पडलं आहे.

मग एकजण म्हणाली, "एकतीसच्या एकतीस गल्लत? आमच्या घरी चार लेकरायचे गनवेश एकाच बादलीत धुतो, कधी गल्लत होत नाई."

"एमेस्सी आहे न ती," दुसरी म्हणाली. अल्काताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी स्वतःच्या शब्दावर बायांना तयार केलं होतं, आणि आता त्या भिंतीवरचं दरपत्रक वाचत होत्या. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"सगळ्या सारख्याच तर आहेत," मी म्हटलं. "कोणतीही घेतली तर..."

"सारख्या?" रुक्माबाई बोलल्या. "कोनी सांगतलं सारख्या आहेत?"

त्यांनी वरची घडी उचलली, खालचा काठ उलटवला आणि फॉलवर अंगठा फिरवला. साडीच्या खालच्या काठाला आतून लावलेली ती पट्टी. "हे नंदाबाईची. लंबे लंबे टाके, जसी बोलते तसी. घे व नंदाबाई."

नंदाबाईने हसत घेतली. रुक्माबाईंनी दुसरी उलटवली. "हे मशीनवरची पिको. मंदाबाईच्या सुनेची, तिले सुई धरता येत नाई."

"येते मले!" मागून कोणीतरी ओरडलं, पण साडी घेतली.

मग सगळ्याच पुढे सरसावल्या. फॉल प्रत्येकीने स्वतः लावला होता. कोणाचा धावदोरा, कोणाची तुरपाई, कोणी पांढरा दोरा संपल्यावर मध्येच आकाशी घातलेला. एकीने गाठ मारायची सोडून दोरा तीनदा गुंडाळला होता. मी दोन दिवस त्या साड्या हाताळल्या होत्या, डागांचे व्यास मोजले होते, आणि एकतीस हातांची अक्षरं माझ्यासमोर होती ती वाचली नव्हती. पाव तासात घड्या संपल्या. न आलेल्यांच्या साड्याही जिच्या-तिच्या शेजारणींनी ओळखून काढल्या.

एक उरली. भोकाची. मी तिचा फॉल पाहिला : तांदळाच्या दाण्याहून बारीक, एकसारखे, ओळीत बसवल्यासारखे टाके. असे टाके बिडीला दोरा बांधलेल्या बोटांचेच असणार. संभाव्यतेने माझं ऐकलं नव्हतं.

"माही आहे," रुक्माबाई म्हणाल्या, आणि भोकातून बोट घालून ते मला दाखवलं. जणू मी पाहिलं नव्हतं.

मी पावती उलटवली. "मावशी, नियमाप्रमाणे दहापट भरपाई. पस्तीसचे साडेतीनशे. मी आत्ता देते."

"साडेतीनशे?" नंदाबाई म्हणाली. "साडी दोनशे नव्वदची आहे व! दीप्ती, माहीले पन भोक पाड ना एक."

"माह्या साडीले दोन पाड," आणखी एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले असते. माझा आवडता नियम एवढा फायदेशीर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

रुक्माबाई हसल्या नाहीत. नोटा त्यांनी हाताने मागे सारल्या. "साडेतीनशे नेसून चालू काय मी उद्या?"

नागपूरच्या दुकानातला तो गठ्ठा केव्हाच संपला होता, तशी साडी आता मिळणार नव्हती. उद्या सकाळी सातला ध्वज कोणाच्या हाती असणार हे मंडळाने ठरवलेलं होतं, दरवर्षीप्रमाणे. तीस निळ्या काठांच्या पुढे रुक्माबाई दुसरी कुठलीतरी साडी नेसून चालणार, किंवा चालणारच नाहीत.

भैयालालनी साडी टेबलावर पसरली आणि भोकाच्या जागेवर हात ठेवला. "हे पदराचं टोक. दुसरं टोक कमरेले खोचते, नाई? काठ दोन्हीकडून सारखा आहे, पदरबी साधाच. उलटी नेसली त भोक आत जाईल."

"आन् फॉल?" रुक्माबाई म्हणाल्या. "फॉल त मंग पदराले येईल."

"फॉल उसवून दुसऱ्या टोकाले लावा लागंल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही इकडेतिकडे पाहिलं, आणि मग कळलं.

"मला शिवता येत नाही, मावशी," मी म्हटलं. "मी बाहेरून करून आणते, चौकात पिकोवाला आहे..."

"काऊन? भोक त्यानं पाडलं काय?" त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि बाकड्यावर ऐसपैस बसल्या. "सुई आन. माह्या डोऱ्याले आता दिसत नाई, नाई त मीच केलं असतं."

तो फॉल उसवायला मला वीस मिनिटं लागली, कारण त्यांचे टाके सुटता सुटत नव्हते. लावायला दीड तास. पहिल्या फुटावर त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "उसव." दुसऱ्यांदा पुन्हा, "उसव. काठ वढून रायली तू. साडी झोळीवानी होईल." तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. मध्ये मी दोनदा बोट टोचून घेतलं आणि पांढऱ्या साडीवर रक्त पडू नये म्हणून बोट तोंडात धरून बसले. रक्ताचा डाग कशाने निघतो हे मला उत्तम माहीत होतं, पण आता डाग काढायची हिंमत नव्हती. अल्काताई जायच्या सोडून समोर बसून राहिल्या. बाकीच्याही राहिल्या. कोणीतरी चहा सांगितला. फॉल संपला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं.

रुक्माबाईंनी साडी उचलून काठ शेवटपर्यंत चाचपला. "बारावीच्या पोरीवानी," त्या म्हणाल्या.

"नापास?"

"पास. पस्तीस टक्के."

दुसऱ्या दिवशी मी रॅलीच्या कडेने, रुक्माबाईंच्या थोडी मागे चालले. दीड तास माझी नजर रुक्माबाईंच्या कमरेवर होती. भोक कुठे आहे हे मला इंचात ठाऊक होतं, आणि ते दिसलं नाही. फॉलमुळे काठ उजव्या पायाशी थोडा वर गेला होता, तो मात्र दिसत होता. फक्त मला, अशी मी समजूत करून घेतली. विहाराशी पोचल्यावर अल्काताई शेजारी आल्या. "काठ वर गेला," त्या म्हणाल्या. मग चप्पल काढता काढता, "जाऊ दे. लग्नाचा शालू द्यायचा होता ड्रायक्लीनले. सोमवारी आणतो."

ती पेन्सिल मी कॉलेजला परत केली. आता भैयालाल प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीत रंगीत दोऱ्याचे टाके घालतात, उभे दहाचे, आडवे एकचे. ते पाण्यात जात नाहीत, टर्पेंटाइनमध्ये जात नाहीत, त्यांनी पुरळ उठत नाही. ही पद्धत मी शोधली असं मी एकदा म्हटलं होतं. भैयालालनी ते ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी पुन्हा एकतीस साड्या आल्या. या वेळी रुक्माबाई आपली स्वतः घेऊन आल्या. भैयालाल दोरा ओवायला लागले तशा त्या म्हणाल्या, "माहीले नंबर नोको लावू रे. हे हिले ओरखू येते."

मी काठ उलटवला. माझे पस्तीस टक्क्यांचे टाके मैलभर अंतरावरूनही ओळखू आले असते.